लाँग स्ट्रँगल: मोठ्या घटनेआधी घेताना निफ्टी नेमका किती हलायला हवा, ते आधी मोजा

निकालाच्या किंवा बजेटच्या आदल्या दिवशी बहुतेक जण स्ट्रँगल असा घेतात: बाजारभावाच्या वरचा एक कॉल, खालचा एक पुट, दोन्ही स्वस्त दिसतील असे. दुसऱ्या दिवशी निफ्टी चांगला तीनशे पॉइंट हलतो आणि तरीही खात्यात तोटा दिसतो. मग दोष नशिबाला दिला जातो. पण हा तोटा आदल्या दिवशीच मोजता आला असता. स्ट्रँगलमध्ये ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी पातळी, एक नसतो. एक्सपायरीच्या दिवसाचा वेगळा आणि घटना संपल्यावर लगेच बाहेर पडतानाचा वेगळा. लोक पहिला पाहून सौदा घेतात आणि दुसऱ्यावर मार खातात.

खाली सगळीकडे एकच उदाहरण चालवतो. निफ्टी २५,०००. घटना उद्या. एक्सपायरी पाच दिवसांवर. २५,४०० चा कॉल ११८ ला आणि २४,६०० चा पुट १३२ ला. दोन्ही मिळून २५०. आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या दिवशीचे आकडे ऑप्शन चेनमधूनच घ्या. सगळा हिशोब पॉइंटांत ठेवतो. रुपये हवे असतील तर शेवटी लॉटच्या आकड्याने गुणा, आणि तो आकडा करारावर बघून घ्या, कारण एक्स्चेंज तो वेळोवेळी बदलतं.

## १. घटना आणि एक्सपायरीची जोडी तपासा

सौद्याच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: घटनेची तारीख, घटनेची वेळ आणि कोणती एक्सपायरी घेणार. हे लिहायला मिनिट लागत नाही, म्हणूनच कोणी लिहीत नाही.

तारीख यासाठी की घटना एक्सपायरीच्या आत पडायला हवी. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी असते. त्याआधी ती गुरुवारी असायची. बोटांना जुनी सवय असली की बुधवारच्या घटनेसाठी मंगळवारी संपणारा ऑप्शन घेतला जातो, आणि "इतका स्वस्त कसा काय मिळाला" म्हणून माणूस खूश होतो. स्वस्त असतो, कारण त्यात घटनाच नसते.

वेळ यासाठी की त्यावर बाहेर पडण्याची सोय ठरते. बजेटचं भाषण, मतमोजणी, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, हे बाजार चालू असताना येतं. प्रीमियम डोळ्यांसमोर फुगतो आणि मावळतो, मधे विकता येतो. अमेरिकेतल्या व्याजदराचा निर्णय मात्र आपल्याकडे रात्री कळतो. सकाळी सव्वानऊला निफ्टी गॅप घेऊन उघडतो आणि तोपर्यंत आयव्ही, म्हणजे पुढे किती हालचाल होईल याचा प्रीमियममध्ये धरलेला अंदाज, बरीच खाली आलेली असते. अशा घटनेत हालचाल पकडण्याची संधी एकदाच मिळते, ती म्हणजे उघडतानाच्या भावाला.

तपासणी: घटनेनंतर एक्सपायरीला किमान दोन-तीन दिवस शिल्लक आहेत का? घटना आणि एक्सपायरी एकाच दिवशी असेल तर दुपारनंतर प्रीमियम बर्फासारखा वितळतो. असा सौदा वाईटच असतो असं नाही, पण पुढची आकडेमोड त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

## २. बाजाराने किती हालचाल आधीच धरली आहे ते काढा

माझ्या मते ही सर्वात महत्त्वाची पायरी आणि सर्वात जास्त वगळली जाणारीही.

निफ्टी २५,००० असेल तर २५,००० चाच कॉल आणि २५,००० चाच पुट, दोघांचे प्रीमियम बेरजेला घ्या. ही बेरीज म्हणजे स्ट्रॅडलची किंमत. आपल्या उदाहरणात ती साधारण ५६०. याचा ढोबळ अर्थ असा की एक्सपायरीपर्यंत निफ्टी इकडे किंवा तिकडे सरासरी ५६० पॉइंट, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास हलेल असं धरून बाजाराने भाव लावला आहे. स्ट्रॅडल घ्यायचाच नसला तरी हा आकडा काढा. तो तुमची मोजपट्टी आहे.

आता याच प्रकारच्या मागच्या घटनांना निफ्टी खरोखर किती हलला ते शेजारी लिहा. बजेटचं बघा. २३ जुलै २०२४ ला भांडवली नफ्यावरचा कर आणि एफ अँड ओवरचा व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, वाढला. दिवसभरात निफ्टी आदल्या बंद भावापासून चारशेहून जास्त पॉइंट खाली जाऊन आला, आणि बंद होताना घट होती फक्त ३० पॉइंट. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही बाजार उघडा होता, बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झाल्याची मोठी बातमी आली, आणि निफ्टी बंद झाला २६ पॉइंट खाली. दोन बजेटं, दोन्हींत बातम्या भरपूर आणि बंद भावातली हालचाल नगण्य.

दोन उदाहरणांवरून नियम होत नाही, हे मान्य. पण "बजेट आहे म्हणजे हलणारच" या समजुतीला छेद द्यायला ती पुरेशी आहेत. घटना मोठी आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे की बाजाराने जेवढी हालचाल धरली आहे, त्याहून जास्त होईल असं तुम्हाला का वाटतं? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर मी तो सौदा सोडून देतो. प्रीमियम वाचतो.

इशारा: इंडिया विक्स बघून "आयव्ही कमी आहे" असं ठरवू नका. विक्स तीस दिवसांचा अंदाज सांगतो. घटना ज्या आठवड्यात आहे त्या आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही त्याहून कितीतरी वर असू शकते. ऑप्शन चेनमधला त्या स्ट्राइकसमोरचा आयव्हीचा रकाना बघा.

## ३. स्ट्राइक निवडा: स्वस्त आणि जवळ हे एकत्र मिळत नाही

स्ट्राइक जितका लांब, तितका प्रीमियम कमी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते हे की ब्रेकइव्हनही तितकाच लांब पळतो. आपल्या उदाहरणातल्या तीन जोड्या शेजारी ठेवून बघा:

| जोडी | एकूण प्रीमियम | एक्सपायरीला हवी ती हालचाल |
|---|---|---|
| दोन्ही २५,००० (स्ट्रॅडल) | ५६० | ५६० पॉइंट |
| २५,४०० कॉल, २४,६०० पुट | २५० | ६५० पॉइंट |
| २५,८०० कॉल, २४,२०० पुट | ९० | ८९० पॉइंट |

शेवटची ओळ नीट बघा. ९० पॉइंटांत दोन्ही बाजू मिळतात म्हणून लोक एकाच्या जागी तीन लॉट घेतात. पैसे जवळजवळ तेवढेच गुंततात, पण निफ्टी साडेतीन टक्क्यांहून जास्त हलावा लागतो. घटना घडली, निफ्टी सातशे पॉइंट हलला, मधल्या जोडीचा माणूस सुटला आणि हा तीन लॉटवाला एक्सपायरीला शून्यावर, असं होतं. लांबचा स्ट्रँगल हा वेगळाच सौदा आहे. तो अनपेक्षित निकालावर लावलेला डाव असतो. तसा लावायला हरकत नाही, पण मग "कमी जोखीम" म्हणून लावू नका.

मी साधारणपणे स्ट्रॅडलच्या किमतीच्या अर्ध्या ते पाऊण अंतरावरचे स्ट्राइक घेतो. ५६० चा स्ट्रॅडल असेल तर २८० ते ४२० च्या दरम्यान. कॉल आणि पुट समान अंतरावर असलेच पाहिजेत असं नाही. निफ्टीत पुट बहुधा थोडा महाग असतो, कारण घसरणीपासून बचाव म्हणून त्याला मागणी जास्त. दोन्हींचा डेल्टा, म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलला की ऑप्शनचा भाव किती हलतो तो आकडा, साधारण सारखा असेल असं बघा, म्हणजे सुरुवातीला सौद्याचा कल कुठल्याच बाजूला नसतो. आपल्या जोडीत दोन्हींचा डेल्टा ०.२८–०.२९ च्या आसपास आहे.

तपासणी: खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर बघा. ११८ चा ऑप्शन ११७.८० आणि ११८.२० असा दिसत असेल तर ठीक. १२ चा ऑप्शन ११ आणि १३ असा दिसत असेल, तर आत शिरतानाच काही टक्के गेले आणि बाहेर पडताना पुन्हा जाणार.

## ४. दोन ब्रेकइव्हन काढा, एक नाही

पहिला ब्रेकइव्हन, एक्सपायरीचा, सोपा आहे:

```
वरचा  = कॉल स्ट्राइक + एकूण प्रीमियम = २५,४०० + २५० = २५,६५०
खालचा = पुट स्ट्राइक − एकूण प्रीमियम = २४,६०० − २५० = २४,३५०
```

दोन्हीकडे एकूण प्रीमियमच धरायचा. बऱ्याच वह्यांत वरच्या बाजूला फक्त कॉलचे ११८ मिळवलेले असतात आणि ब्रेकइव्हन २५,५१८ असा लिहिलेला असतो. निफ्टी वर गेला तर पुटचे १३२ ही बुडालेच ना? तेही कॉललाच भरून काढायचे आहेत.

यात दलाली, एसटीटी आणि इतर खर्च मिळवा. कॉल आणि पुट हे दोन पाय आत, दोन पाय बाहेर, असे चार सौदे होतात. एका लॉटवर हा खर्च काही पॉइंटांचाच असतो, पण तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून एकदा नेमका काढून ठेवा.

आता दुसरा ब्रेकइव्हन. घटना झाली, एक दिवस गेला, चार दिवस उरले, आणि अनिश्चितता संपल्याने आयव्ही पडली. आज ही आयव्ही २४ टक्के आहे. उद्या ती १४ पर्यंत येईल असं धरू. कुठलंही ऑप्शन कॅल्क्युलेटर उघडा, दिवस चार करा, आयव्ही १४ करा, आणि निफ्टीचा आकडा पन्नास-पन्नासने सरकवत दोन्ही ऑप्शनची बेरीज बघत जा. वरच्या बाजूला असं चित्र येतं:

| दुसऱ्या दिवशी निफ्टी | दोन्हींची बेरीज (अंदाजे) | नफा किंवा तोटा |
|---|---|---|
| २५,००० | ५० | −२०० |
| २५,३०० | १०५ | −१४५ |
| २५,५०० | २०५ | −४५ |
| २५,५७० | २५० | ० |
| २५,८०० | ४३० | +१८० |

म्हणजे दुसऱ्या दिवशी सुटायला ५७० पॉइंट हवेत. हा आकडा स्ट्रॅडलच्या ५६० च्या किती जवळ आला ते बघा. पहिली ओळही पुन्हा वाचा. निफ्टी जागचा हललाच नाही तर एका रात्रीत २५० चे ५० होतात. रोजच्या वेळऱ्हासाने एवढं जात नाही, यातला बहुतेक भाग आयव्हीच्या पडण्याचा आहे.

आता हीच आकडेमोड आयव्ही २४ वरच ठेवून केली तर? मग बेरीज फक्त ३०० पॉइंटांच्या हालचालीत २५० होते. नेमकं इथेच बोट ठेवायचं आहे. बहुतेक पेऑफ आलेखांत "आज" किंवा "उद्या" ची जी वाकडी रेषा दिसते, ती मुद्दाम बदलल्याशिवाय आयव्ही जशीच्या तशी धरून काढलेली असते. रेषा सांगते तीनशे, प्रत्यक्षात लागतात पावणेसहाशे. सुरुवातीला ज्या तीनशे पॉइंटांबद्दल म्हटलं, तिथे माणूस फसतो तो असा.

आयव्ही किती पडेल हे आधी कसं कळणार? नेमकं कळत नाही. मी दोन आकडे बघतो: घटना पंधरा-वीस दिवस लांब असताना आयव्ही किती होती, आणि पुढच्या महिन्याच्या एक्सपायरीची आज किती आहे. पडून ती बहुधा या दोन्हींच्या आसपास येते. एक अपवाद लक्षात ठेवा. निफ्टी जोरात पडला तर आयव्ही तेवढी उतरत नाही, कधी उलट चढते. त्यामुळे खालच्या बाजूचा दुसरा ब्रेकइव्हन प्रत्यक्षात थोडा जवळ येऊ शकतो. पण हिशोब करताना ही सवलत धरू नका. मिळाली तर मिळाली.

इशारा: दुसरा ब्रेकइव्हन काढल्यावर तो मागच्या घटनांच्या हालचालींशेजारी ठेवा. पाचांतल्या एकाही वेळी निफ्टी तिथवर पोहोचला नसेल, तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

## ५. खरेदी: दोन्ही पाय एकदम

कोणत्या दिवशी घ्यायचा, यावर माझं मत स्पष्ट आहे. आदल्या दुपारी तीन वाजता घेणारा आयव्हीच्या शिखरावर घेतो. सहा-आठ दिवस आधी घेणाऱ्याला रोजचा वेळऱ्हास सोसावा लागतो, पण घटना जवळ येईल तशी चढणारी आयव्ही त्यातला काही भाग भरून देते. आयव्ही आधीच चढून बसली असेल तर मात्र लवकर घेण्याचाही फायदा उरत नाही.

कॉल घेतला आणि "पुट जरा खाली आला की घेतो" म्हणून थांबलात, तर तेवढा वेळ तुमच्याकडे स्ट्रँगल नाही, नुसती तेजी आहे. दोन्ही ऑर्डर बास्केटमध्ये ठेवा आणि एकापाठोपाठ एक टाका. लिमिट ऑर्डरच वापरा, भाव समोरच्या विक्रीच्या भावाला किंवा त्याहून एखादा टिक वर. एक पाय भरला आणि दुसरा राहिला तर मिनिटभरात भाव बदलून तो भरा, नाहीतर पहिला काढून टाका.

मग वहीत एकच आकडा लिहा: २५०. इथून पुढे ११८ आणि १३२ विसरायचे.

इशारा: प्रत्येक पायाला वेगळा स्टॉपलॉस लावू नका. ही चूक शिस्तीच्या नावाखाली होते. भाषण सुरू होतं, निफ्टी आधी शंभर पॉइंट वर जातो, पुटचा स्टॉपलॉस लागून पुट निघतो. मग निफ्टी उलटतो, कॉलचाही स्टॉपलॉस लागतो, आणि पुढच्या चारशे पॉइंटांच्या घसरणीत हातात काहीच नसतं. स्ट्रँगलमध्ये एक पाय तोट्यात जाणारच, ती त्याची रचना आहे. मर्यादा लावायची तर बेरजेवर लावा. बेरीज १५० ला आली की दोन्ही बाहेर, अशी.

## ६. घटनेच्या दिवशी: बेरीज बघा, घड्याळ बघा

बाहेर पडण्याच्या तीन वेळा आधी ठरवून लिहा. बेरीज इतकी झाली की बाहेर (उदाहरणार्थ ३७५, म्हणजे दीडपट). बेरीज इतकी उतरली की बाहेर. आणि शेवटची महत्त्वाची बातमी आल्यावर तासाभरात, काहीही असो, बाहेर.

तिसरा नियम सर्वांत जड जातो. माझा तो २३ जुलै २०२४ ला मोडला. कराच्या घोषणा आल्या तशी निफ्टीने बुडी मारली आणि माझा पुट फुगला. बेरीज घेतलेल्या किमतीच्या वर गेली, नफा होता, मोठा नव्हता. पण डोक्यात एक्सपायरीचा ब्रेकइव्हन बसला होता आणि निफ्टी अजून तिथे पोहोचला नव्हता. "आता तर सुरुवात आहे" असं म्हणत मी चहा घेऊन आलो. परत बसलो तेव्हा निफ्टी वर सरकत होता आणि दोन्ही ऑप्शन एकाच वेळी लाल होते. कॉल वाढत नव्हता, कारण आयव्ही पडत होती. पुट तर पडतच होता. दोन्ही पाय एकदम तोट्यात जाताना पहिल्यांदा बघितले की स्क्रीन बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते.

थांबण्याची किंमत आपल्या उदाहरणात मोजून बघा. घटनेच्या दुसऱ्या दिवशी निफ्टी २५,५०० ला असेल तर बेरीज २०५, तोटा ४५. तिथेच बसून राहिला आणि एक्सपायरीलाही २५,५०० च असला तर मिळणार १००, तोटा १५०. उलट निफ्टी २५,६५० ला पोहोचला असेल तर त्याच दिवशी विकून साधारण ५५ पॉइंटांचा नफा आहे. एक्सपायरीला तिथेच थांबला तर बरोबर शून्य. म्हणजे एक्सपायरीचा ब्रेकइव्हन ज्या पातळीवर आहे, तिथे घटनेच्या दिवशी तुम्ही आधीच नफ्यात असता. "अजून पातळी आली नाही" म्हणून थांबण्यात अर्थ नसतो, तो यामुळे.

हालचाल प्रचंड असली तरी हेच लागू होतं. लोकसभेच्या निकालाचा आठवडा घ्या. ३१ मे २०२४, शुक्रवार, निफ्टी २२,५३०. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी ७३३ पॉइंट चढून २३,२६३. मंगळवारी, ४ जूनला, प्रत्यक्ष मतमोजणीत तो १,३७९ पॉइंट कोसळून २१,८८४, म्हणजे शुक्रवारच्या भावाहून ६४६ खाली. आणि गुरुवारी, ६ जूनच्या एक्सपायरीला, २२,८२१.

शुक्रवारी स्ट्रँगल घेतलेल्या माणसाला चार सत्रांत एकदा वर सव्वातीन टक्के आणि एकदा खाली जवळजवळ तीन टक्के हालचाल मिळाली. याहून जास्त काय मागायचं? तरीही एक्सपायरीपर्यंत हात न लावणाऱ्याच्या पदरात फक्त २९० पॉइंटांचं अंतर पडलं. चारशे पॉइंट लांबचे दोन्ही स्ट्राइक असते तर दोन्ही शून्य.

तपासणी: घटना पूर्ण व्हायच्या आधीच एक बाजू खूप धावली, तर थांबून डेल्टा बघा. वरच्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी शुक्रवारचा कॉल खोल नफ्यात होता आणि पुट जवळपास मेलेला. नाव स्ट्रँगल, पण प्रत्यक्षात ती तेजीची पोझिशन झाली होती आणि मतमोजणी अजून बाकी होती. अशा वेळी कॉल विकून नफा घ्या. पुढची अनिश्चितता खेळायचीच असेल तर नव्या भावाभोवती नवा स्ट्रँगल मोजा, पायरी २ पासून, तेव्हाच्या प्रीमियमने.

## ७. बाहेर पडणं आणि उरलेला पाय

दोन्ही पाय एकाच वेळी काढा, आणि तेही लिमिट ऑर्डरने. घटनेच्या वेळी खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर अचानक वाढतं. मार्केट ऑर्डर टाकली तर स्क्रीनवर दिसलेला भाव मिळेलच असं नाही.

नफ्यातला पाय विकून तोट्यातला "आता गेलेच आहेत, राहू दे" म्हणून ठेवायचा मोह होतो. तो १५ ला असेल तर १५ ला विका. पर्याय म्हणून ठेवायचा असेल तर स्वतःला विचारा, आज तो नव्याने १५ ला घेतला असता का? उलट, तोट्यातला पाय आधी विकून नफ्यातला चालवणं कधीकधी बरोबर ठरतं, पण तेव्हा तुम्ही एका दिशेचा सौदा करत असता. त्याला त्याचा स्वतःचा स्टॉपलॉस द्या. इथे तो शोभतो.

काही कारणाने एक्सपायरीपर्यंत थांबलातच, तर निफ्टीचे ऑप्शन रोखीत मिटतात आणि मुदतीआधी वापरता येत नाहीत. हिशोब त्या दिवशीच्या बंद भावावर होतो, दुपारी दोनला स्क्रीनवर दिसलेल्या भावावर नाही. पैशात असलेला ऑप्शन आपोआप वापरला जातो आणि त्यावरचा एसटीटी अंतर्गत मूल्यावर, खरेदीदाराकडून घेतला जातो. स्वतः विकला तर तो प्रीमियमवर लागतो. दोन्हींचे दर वेगवेगळे असू शकतात आणि अर्थसंकल्पात बदलतात. त्यामुळे शेवटच्या दिवशी तीनच्या आधी दोन्ही मार्गांनी हातात किती पडतात ते मोजा. पैशाबाहेर असलेल्या पायाला शेवटच्या तासात पन्नास पैसे मिळत असतील आणि विकण्याचा खर्च त्याहून जास्त असेल, तर तो तसाच सोडून दिलेला बरा.